झिरो परसेंट? सो व्हॉट!

हल्ली ऑफिसात एक नवीन सर्टिफिकेट फिरतंय. रिपोर्ट मेल केला, आर्टिकल पाठवलं, एमबीएचं प्रोजेक्ट सबमिट केलं, की सोबत एक पीडीएफ जोडलेली असते. वर हिरव्या रंगात आकडा: ‘सिमिलॅरिटी ० %’. म्हणजे काय, तर बॉस, मी ढापलेलं नाही. माझं काम शंभर नंबरी आहे. आणि आता विषय संपला.

गंमत अशी आहे की विषय तिथेच सुरू होतो. तो हिरवा आकडा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो आणि आपण त्याला भलतेच चार प्रश्न विचारून बसतो. ‘हे कुठून उचललंय का?’ हा एक प्रश्न झाला. ‘हे मशीनने लिहिलंय का?’ हा दुसरा. दोघांची यंत्रं वेगळी, पद्धत वेगळी, चुका करायची तऱ्हाही वेगळी. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही. रक्तगटाचा रिपोर्ट दाखवून ‘बघा, मला मलेरिया नाही’ म्हणण्यासारखं आहे ते.

मी फ्रीलान्स लिहिते. त्यामुळे हा रिपोर्ट माझ्याकडेही दर दोन आठवड्यांनी कोणीतरी मागतंच. एकदा म्हटलं, चला, हा आकडा येतो तरी कुठून ते नीट बघू या. आणि जे कळलं ते सॉलिड इंटरेस्टिंग निघालं.

आधी जुळवाजुळव

चोरी पकडणारं सॉफ्टवेअर तुमचं लिखाण ‘वाचत’ नाही. ते फक्त जुळवतं. तुमच्या मजकुराचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा आपल्या साठ्यात आहे का ते बघायचं, सापडला की त्यावर रंग मारायचा. बस. शेवटी रंगवलेले शब्द भागिले एकूण शब्द. हाच तुमचा परसेंटेज.

उदाहरण घेऊ. समजा, कोणाच्या तरी रिपोर्टमध्ये हे वाक्य आहे:

‘रोज दोन तास लोकलने प्रवास करणाऱ्या कर्मचाऱ्याचा थकवा त्याच्या कामावर थेट परिणाम करतो.’

मोजा, १३ शब्द. आता पाच-पाच शब्दांचे तुकडे पाडू. पहिला तुकडा ‘रोज’पासून, दुसरा ‘दोन’पासून, तिसरा ‘तास’पासून, असं एकेक शब्द सरकत जायचं. एकूण ९ तुकडे होतात. मी हे वाक्य जसंच्या तसं उचललं, तर नऊच्या नऊ तुकडे जुळणार. पकडले गेले!

आता मी फक्त एक शब्द बदलते. ‘प्रवास’ काढून ‘येजा’ टाकते. हा पाचवा शब्द. तो ज्या ज्या तुकड्यात आहे तो प्रत्येक तुकडा बिघडतो, म्हणजे पहिले पाच. उरले चार. आता आणखी एक: ‘कामावर’च्या जागी ‘कामगिरीवर’. हा दहावा शब्द. तो उरलेल्या चारही तुकड्यांत आहे. म्हणजे शिल्लक किती? शून्य!

‘रोज दोन तास लोकलने येजा करणाऱ्या कर्मचाऱ्याचा थकवा त्याच्या कामगिरीवर थेट परिणाम करतो.’ तेराच्या तेरा शब्दांतले अकरा शब्द दुसऱ्याचे, विचार तर शंभर टक्के दुसऱ्याचा, आणि आपल्या पाच शब्दी चाळणीत सापडलं काहीच नाही.

अर्थात बाजारातली मोठी सॉफ्टवेअर्स याहून हुशार आहेत. मधला एखादा शब्द बदलला तरी आजूबाजूचं जुळतंय का हे ती बघतात. शिवाय कोट्यवधी पानांचा प्रत्येक तुकडा साठवणं परवडत नाही, म्हणून तुकड्याचा आकडा बनवतात आणि त्यातले निवडक आकडेच ‘बोटांचे ठसे’ म्हणून ठेवतात. कुठले ठेवायचे याची एक गाजलेली युक्ती २००३ साली श्लाइमर, विल्करसन आणि एकेन या तिघांनी मांडली. त्यातले एकेन म्हणजे विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम एकमेकांशी ताडून बघणाऱ्या ‘मॉस’चे कर्ते. त्या युक्तीची खासियत अशी की ठरावीक लांबीपेक्षा मोठा सारखा भाग असेल तर तो हमखास सापडतो. पण ‘ठरावीक लांबी’ ही अट आलीच. लांबी फार कमी ठेवली तर ‘या ठिकाणी नमूद करावेसे वाटते की’ हेसुद्धा चोरी ठरेल.

आपल्याकडच्या नियमातही ही चाळणी आहे. यूजीसीने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयीचे नियम आणले. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. मग १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्या. आणि सर्वसाधारण माहिती किंवा योगायोगाने आलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे मोजायचेच नाहीत, अशी सूट. संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार हेही बाहेर. नियम वाईट नाही. पण त्यावरून एवढं कळतं की हा आकडा म्हणजे प्रामाणिकपणाचं थर्मामीटर नव्हे. आधी काय मोजायचं आणि काय सोडायचं हे माणसांनी ठरवलं, मग मशीनने मोजलं.

जे साठ्यात नाही ते जगात नाही

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जुळवायला समोर काहीतरी हवं ना? उघड इंटरनेट, विकत घेतलेली जर्नल्स, आणि आधी सबमिट झालेले पेपर, एवढाच साधारण साठा. मागच्या बॅचच्या सिनियरचं स्पायरल बाइंडिंग केलेलं प्रोजेक्ट त्यात नाही. झेरॉक्सवाल्याकडे पडलेलं तर नाहीच नाही. कंपनीच्या सर्व्हरवरचं जुनं प्रेझेंटेशन नाही. इंग्रजी लेखाचा हाताने केलेला मराठी अनुवाद? शब्दच वेगळे, मग जुळणार काय!

मराठीत तर एक खास गोची आहे. युनिकोड सगळीकडे रुळण्याआधीची कितीतरी पुस्तकं, अंक आणि रिपोर्ट श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेत. त्या फाइली उघडल्यावर तुम्हा-आम्हाला छान मराठी दिसतं. पण फाइलच्या पोटात मराठी नसतंच. तिथे असतात इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं, फॉन्टने फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. अशा पीडीएफमधला मजकूर कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करून बघा, भुताची भाषा दिसेल. आता कोणी ते पान समोर ठेवून जसंच्या तसं युनिकोडमध्ये टाइप केलं, तर आपल्या दृष्टीने ही उघड चोरी. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने? दोन अनोळखी भाषा. साम्य ० टक्के. स्कॅन करून फोटोसारख्या ठेवलेल्या पानांचंही तेच.

म्हणून कोरा रिपोर्ट फक्त एवढंच म्हणतो: ‘माझ्याकडच्या साठ्यात, माझ्या चाळणीने, मला लांब सारखा तुकडा दिसला नाही.’ त्यामागे पाच वेगवेगळी माणसं असू शकतात. एकाने खरंच स्वतः लिहिलं. दुसऱ्याने कागदी पुस्तकातून उतरवलं. तिसरीने अनुवाद केला. चौथ्याने पाच हजार रुपये देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतलं. पाचवीने चॅटबॉटला एक ओळ टाइप केली आणि कॉफी घेऊन आली. पाचही जणांचा आकडा सारखाच, हिरवागार शून्य.

मशीन चोरत नाही, मग सापडेल कसं?

पाचवी केस जरा नीट समजून घेऊ, कारण गोंधळ तिथेच आहे. अनेकांना वाटतं, चॅटबॉट म्हणजे इंटरनेटवरून परिच्छेद कापून चिकटवणारा. तसा असता तर जुळवाजुळवीत धाडकन सापडला असता. पण तो एकेक शब्द नव्याने जुळवत जातो. आतापर्यंतच्या शब्दांनंतर कुठला शब्द येण्याची शक्यता किती, याचा हिशेब करायचा, त्यातून एक निवडायचा, मग पुढचा. तयार होणारं वाक्य बहुतेक वेळा जगात कुठेच जसंच्या तसं नसतं. आणि जे कुठेच नाही ते जुळणार कशाशी? मशीनने लिहिलेल्या मजकुराचा सिमिलॅरिटी रिपोर्ट कोरा येतो ही सॉफ्टवेअरची हार नाही. त्याचं कामच ते नव्हे!

याचा सगळ्यात भन्नाट पुरावा न्यूयॉर्कच्या कोर्टात मिळाला. २०२३ साली एव्हियांका एअरलाइन्सविरुद्धच्या एका दाव्यात वकिलांनी जुन्या खटल्यांचे दाखले दिले. समोरच्या पक्षाने शोधले, तर सापडेनात. कारण ते खटले कधी झालेच नव्हते. चॅटजीपीटीने नावं, नंबर, निकालातली अवतरणं, सगळं रचून दिलं होतं. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. आता विचार करा, ते रचलेले निकाल प्लेजरिझम चेकरमध्ये टाकले असते तर? एकदम क्लीन! जे अस्तित्वातच नाही त्याच्यासारखं ‘ओरिजिनल’ दुसरं काय असणार? म्हणजे थाप जितकी मोठी, रिपोर्ट तितका स्वच्छ.

मग दुसरं मशीन काय बघतं?

मशीनचं लिखाण ओळखायचा दावा करणारी टूल्स स्रोत शोधतच नाहीत. ती तुमच्या भाषेची चाल बघतात. ‘सकाळी उठल्यावर मी एक कप...’ पुढे काय? तुम्ही मनात ‘चहा’ म्हणालात. फार तर ‘कॉफी’. मशीनलाही तेच वाटतं. पण वाक्य जर ‘...एक कप शिव्या खाल्ल्या’ असं संपलं, तर मशीन दचकतं. हे दचकणं मोजता येतं. पानभर वाचून मशीन जवळजवळ दचकलंच नाही, प्रत्येक पुढचा शब्द अपेक्षित निघाला, तर टूल म्हणतं, हे मशीनने लिहिलेलं दिसतंय. या मोजमापाला ‘पर्प्लेक्सिटी’ म्हणतात. त्याच्या जोडीला ‘बर्स्टीनेस’, म्हणजे चढउतार. माणूस एक वाक्य लांबलचक लिहितो, मग एक छोटं. मशीन बरेचदा एकाच लयीत चालतं. प्रिन्स्टनचा विद्यार्थी एडवर्ड तियान याने जानेवारी २०२३ मध्ये ‘जीपीटीझिरो’ आणलं, तेव्हा त्याचा मुख्य फंडा हाच होता. बाकीची टूल्स माणसाचे आणि मशीनचे भरपूर नमुने दाखवून शिकवलेली असतात. पण शेवटी तीही सांगतात ती शक्यताच.

इथे दोन यंत्रांमधला खरा फरक लक्षात येतो. पोलिसी भाषेत सांगायचं तर पहिल्याकडे मुद्देमाल असतो. रंगवलेल्या ओळीवर क्लिक करा, मूळ पान उघडेल, दोन्ही शेजारी ठेवून बघा. पटलं तर पटलं, नाहीतर ‘अहो, हे तर अवतरण आहे, खाली नाव दिलंय’ असं सांगता येतं. दुसऱ्याकडे मुद्देमाल नसतोच. आहे तो फक्त संशय, टक्केवारीत लिहिलेला. ‘कुठून घेतलं?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही. कारण कुठूनच घेतलेलं नाही.

त्यात दोन्हीकडे तेच ‘%’ चिन्ह! साम्याचे १८ टक्के म्हणजे शंभरातले १८ शब्द कुठेतरी सापडले. मशीनचे १८ टक्के म्हणजे, टूलप्रमाणे, एवढा भाग मशीनसारखा वाटतो, किंवा सगळाच मजकूर मशीनचा असण्याची एवढी शक्यता वाटते. पहिलं मोजमाप, दुसरा अंदाज. ‘टर्निटिन’ या कंपनीच्या टूलमध्ये तर दोन्ही आकडे एकाच स्क्रीनवर दिसू शकतात. साम्य शोधायचं काम ती १९९८ पासूनची, मशीन ओळखायची सोय तिने एप्रिल २०२३ मध्ये जोडली. पुढे २० टक्क्यांखालचे मशीनचे आकडे दाखवायचंच तिने थांबवलं, तिथे नुसती फुली येते. का? तर त्या पट्ट्यात चुकीचे आरोप जास्त होतात म्हणून.

सात निरपराध

चुकीचे आरोप किती होतात? याचा हिशेब कागदावर करता येतो, आणि प्रत्येक मॅनेजरने तो एकदा करावाच.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच जानेवारी २०२३ मध्ये असं टूल काढलं होतं. त्यांनीच दिलेले आकडे असे: मशीनने लिहिलेल्या इंग्रजी मजकुरापैकी २६ टक्के ते बरोबर ओळखायचं आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकूर चुकून मशीनचा ठरवायचं. ९ टक्के ऐकायला कमी वाटतात ना? आता समजा, तुमच्याकडे १०० रिपोर्ट आले. त्यातले २० मशीनचे, ८० माणसांनी घाम गाळून लिहिलेले. विसातले साधारण ५ पकडले. ऐंशीचे ९ टक्के, म्हणजे साधारण ७ जण विनाकारण अडकले. लाल दिवा लागला एकूण १२ जणांवर. त्यातले ७ निरपराध! आणि खरे १५ जण मस्त सुटले. जुलै २०२३ मध्ये कंपनीने अचूकता कमी असल्याचं सांगून ते टूल बंद केलं.

पुढची टूल्स सुधारली, पण गणित बदलत नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनचं मशीन ओळखण्याचं बटण बंद केलं, तेव्हा असाच हिशेब मांडला होता. २०२२ साली त्यांनी ७५,००० पेपर तपासायला दिले होते. कंपनी म्हणते तशी फक्त १ टक्का चूक धरली, तरी ७५० पेपरांवर खोटा ठपका आला असता. हे लक्षात घ्या, त्यांनी साम्य शोधणं बंद केलं नाही. दोन वेगळी यंत्रं, दोन वेगळे निर्णय.

आणि या चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात टूल्सना ९१ टोफेलचे निबंध दिले, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंध मशीनचे ठरले! कारण उघड आहे. परकी भाषा लिहिताना आपण ठरलेले शब्द, सेफ वाक्यरचना वापरतो. आपलं ऑफिसमधलं इंग्रजी आठवा: ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’, ‘काइंडली डू द नीडफुल’. मशीन दचकणार कशाला? म्हणजे पुण्या-नाशिकच्या मराठी मीडियमच्या मुलीने मान मोडून लिहिलेलं साधं, बिनचूक इंग्रजी या टूलला जास्त संशयास्पद वाटू शकतं. उलट मशीनचाच मजकूर जरा उलटसुलट करून दिला की तेच टूल फसतं.

चार टक्क्यांची ढाल

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. हिंजवडीत नोकरी, शनिवार-रविवार पार्टटाइम एमबीए. विषय तिच्याच क्षेत्रातला: वर्क फ्रॉम होमनंतर ऑफिसात परतलेल्या टीम. साठ पानी प्रोजेक्ट इंग्रजीत लिहिलं. साम्य आलं ४ टक्के. ही खूश! तीन दिवसांनी गाइड मॅडमचा फोन. त्यांनी दोन प्रकरणं कुठल्याशा फुकटच्या टूलमध्ये टाकली होती. आकडा आला ७१ टक्के मशीन.

हिचं पहिलं उत्तर काय असेल? ‘पण मॅडम, प्लेजरिझम फक्त चार टक्के आहे!’

तुम्ही इथवर वाचलंय, तर ही ढाल किती पोकळ आहे ते तुम्हाला कळलंच असेल. मशीनने लिहिलं असतं तरी चारच टक्के आले असते. कदाचित दोन. मॅडमही तेच म्हणाल्या. पण मॅडमच्या हातातला ७१ चा आकडाही तितकाच पोकळ होता. त्या आकड्यातून कुठलं वाक्य कुठून आलं हे त्यांनाही दाखवता येत नव्हतं. दोघी एकमेकींसमोर आपापला आकडा धरून उभ्या, आणि दोन्ही आकडे त्या वादाबद्दल काहीच बोलत नव्हते. तिकडे वर्षभराची फी आणि शनिवार-रविवार पणाला लागलेले.

सुटका झाली ती तिसऱ्याच गोष्टीमुळे. तिने प्रोजेक्ट ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये लिहिलं होतं, त्यामुळे फाइलची व्हर्जन हिस्टरी शाबूत होती. चार महिन्यांत कुठल्या रात्री कुठला परिच्छेद लिहिला, खोडला, वर-खाली केला, सगळं दिसत होतं. तिसरं प्रकरण एका झटक्यात पेस्ट झालेलं नव्हतं, अकरा बैठकांत रडतखडत झालं होतं. सोबत ४२ जणांच्या प्रश्नावलीची कच्ची एक्सेल शीट. तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, ‘तक्त्यात ३९ च का?’ ती लगेच म्हणाली, ‘तिघांनी सगळ्या प्रश्नांना एकच पर्याय टिक केला होता, म्हणून काढले.’ आणि ते तिघे शीटमध्ये पिवळ्या रंगात होतेच.

हे उत्तर कुठल्याही टूलच्या टक्केवारीत बसत नाही. प्रोजेक्ट पास झालं. मॅडमनी पुढच्या बॅचला कच्चा डेटा आणि ड्राफ्ट सोबत जोडायला सांगितलंय, असं ती परवा सांगत होती.

इथे एक शंका येईल: व्हर्जन हिस्टरीही खोटी करता येत नाही का? येते. चॅटबॉटचं उत्तर बघून बघून हाताने टाइप करता येतं. म्हणून ती एकटी पुरेशी नाही. पण ड्राफ्ट, कच्चा डेटा आणि समोरासमोर दिलेली उत्तरं या तिन्हींचा मेळ खोटा घालायचा, तर इतकी मेहनत लागते की तेवढ्यात माणूस प्रोजेक्ट स्वतःच लिहील.

रिपोर्ट आला, आता काय बघायचं?

*साम्याचा रिपोर्ट असेल तर* आकडा नको, आतली पानं उघडा. २५ टक्के साम्य कधी निव्वळ अवतरणं आणि कायद्याच्या कलमांचं असतं, तर ३ टक्के कधी एकाच माणसाचा सलग ढापलेला निष्कर्ष असतो. कुठल्या साठ्याशी ताडलं आणि काय वगळलं हेही विचारा.

*मशीनचा आकडा असेल तर* तो चौकशीची सुरुवात समजा, निकाल नव्हे. मजकूर किती लांब होता ते बघा, कारण दोन परिच्छेदांवर असा अंदाज करणं म्हणजे एका शितावरून लग्नाची पंगत ओळखणं. आणि भाषा कुठली? ही टूल्स मुख्यतः इंग्रजीवर घडलीत. मराठी मजकुरावर आलेला आकडा तर आणखी जपून घ्या.

*दोन्ही कोरे असतील तर* संदर्भ तपासा. यादीतले कुठलेही तीन निवडा आणि प्रत्यक्ष उघडून बघा. लेख आहे का? त्या पानावर ते वाक्य आहे का? दहा मिनिटांचं काम आहे. पण रचलेला दाखला, जो जुळवाजुळवीच्या मशीनला कधीच सापडणार नाही, तो इथे पटकन उघडा पडतो.

*आणि लिहिणारे तुम्ही असाल तर* पहिल्या दिवसापासून ड्राफ्ट ठेवा, नोट्स फेकू नका. ‘मी चोरलं नाही’ हे सिद्ध करायला मुद्देमालाचा अभाव पुरतो. ‘मी लिहिलं’ हे सिद्ध करायला मात्र लिहिल्याच्या खुणा लागतात. त्या हिरव्या पीडीएफमध्ये नसतात, तुमच्या खाडाखोडीत असतात.